निखिलला पत्र: करबचतीची गुंतवणूक करण्याआधी

दादर, मुंबई
दि. 12 डिसेंबर 2025

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार. कंपनीने करबचतीच्या गुंतवणुकीचे पुरावे जानेवारीत मागितले आहेत आणि बँकेतल्या माणसाने पाच वर्षांच्या करबचत एफडीचा अर्ज तुझ्या हातात ठेवला आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. त्या अर्जावर सही करण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

कंपनीचा पीएफचा वाटा सोडून तुझा पगार वर्षाला 9 लाख आहे. जुन्या करप्रणालीत 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट आणि कलम 80 सी खालची पूर्ण दीड लाखाची वजावट घेतलीस, तरी 7 लाखांवर कर लागतो आणि उपकर धरून तो 54,600 रुपये होतो. नव्या प्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन 8 लाख 25 हजार उरतात. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87 ए ची सूट मिळत असल्याने त्यावरचा कर शून्य होतो. घरभाड्याची सवलत घेतली तरी जुनी प्रणाली शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे यंदा दीड लाख रुपये अडकवून तुझा एक रुपयाही कर वाचणार नाही. कंपनीच्या फॉर्मवर नवी प्रणाली निवडलेली आहे ना, एवढे आजच पाहून घे.

लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, ही वजावटीसाठी मोजलेली किंमत असते. नव्या प्रणालीत ही वजावटच मिळणार नसेल, तर प्रत्येक योजनेत मुदतीखेरीज काय शिल्लक राहते, हे पाहायला हवे.

एफडीत फारसे काही राहत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत, जुन्या प्रणालीच्या काळात, मी दीड लाखाची करबचत एफडी केली. माझे मूळ वेतन 30,000 होते आणि त्यातून दरमहा 3,600 रुपये पीएफला जात होते, म्हणजे वर्षाचे 43,200 रुपये 80 सी मध्ये आधीच मोजले गेले होते. मर्यादा दीड लाखाचीच असल्याने एफडीतले तेवढे पैसे वजावटीशिवाय पाच वर्षे अडकले. या ठेवीवर कर्ज मिळत नाही आणि ती मुदतीआधी मोडताही येत नाही. व्याज साडेसहा टक्के होते, पण पुढे मी 30 टक्क्यांच्या टप्प्यात गेलो आणि कर भरून हातात साडेचार टक्क्यांच्या आसपासच उरले. पगाराच्या स्लिपवरचा पीएफचा आकडा कोणी मला दाखवला असता, तर ही चूक टळली असती.

राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचीही मुदत पाचच वर्षांची आहे आणि दर सध्या 7.7 टक्के आहे. जुन्या प्रणालीत पहिल्या चार वर्षांचे व्याज पुन्हा गुंतवले असे धरून त्यावरही वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती सोय नाही, त्यामुळे दरवर्षी जमा होणारे व्याज थेट उत्पन्नात धरावे लागते.

ईएलएसएस या शेअर बाजारातल्या करबचत म्युच्युअल फंडाचा लॉक-इन सर्वांत कमी, तीन वर्षांचा आहे, पण एसआयपीचा, म्हणजे दरमहाच्या गुंतवणुकीचा, प्रत्येक हप्ता स्वतःची तीन वर्षे मोजतो. यंदाच्या जानेवारीत सुरू केलेल्या एसआयपीचा डिसेंबरचा हप्ता 2028 च्या डिसेंबरलाच सुटतो. परताव्याची हमी नाही. विकल्यावर वर्षातल्या सव्वा लाखापेक्षा जास्त दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आणि साध्या इक्विटी फंडालाही वर्षभरानंतर हाच नियम आहे. मग वजावट नसताना पैसे बांधून ठेवण्याचे कारण राहत नाही. शेअर बाजारात जायचेच असेल, तर साधा इंडेक्स फंड घे.

पीपीएफचे मात्र वेगळे आहे. त्याचे 7.1 टक्के व्याज आणि मुदतीअखेरची रक्कम नव्या प्रणालीतही पूर्ण करमुक्त आहे. आज तुला कर नाही, म्हणून हा फायदा दिसणार नाही. पण पुढे 30 टक्क्यांच्या टप्प्यात गेलास की असे करमुक्त 7.1 टक्के मिळवायला, उपकर धरून, एफडीला 10 टक्क्यांहून जास्त व्याज द्यावे लागेल. अडचण मुदतीची आहे. 15 वर्षे खाते उघडल्याच्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून मोजतात, त्यामुळे आत्ता उघडलेले खाते 1 एप्रिल 2041 ला पुरे होईल, आणि काही रक्कम काढण्याची मुभा 2031 च्या एप्रिलपासून मिळेल. म्हणून तुझ्या जागी मी खाते आत्ता किमान 500 रुपयांनी उघडून ठेवीन, दरवर्षी तेवढे तरी भरीन आणि मोठी रक्कम पगार वाढल्यावर घालीन. पैसे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भर, कारण व्याज 5 तारखेनंतरच्या किमान शिल्लकेवर मोजतात.

उरलेल्या पैशांतून आधी चार-पाच महिन्यांचे भाडे आणि घरखर्च साध्या एफडीत ठेव, म्हणजे गरज पडली तर मोडता येईल. बँकेचा अर्ज कोराच परत कर, आणि रविवारी येताना नोव्हेंबरची पगाराची स्लिप घेऊन ये; कंपनीचा फॉर्म आपण एकत्र बसून भरू.

तुझा,
समीर