बाबांची शांती आमच्या भाड्याच्या घरात

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "परक्याच्या घरात होम कशाला? मालक काय म्हणतील?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मालककाकांची परवानगी मिळाली आहे, तीही लेखी. बाबांची पंचाहत्तरीची ऐंद्री शांती इथेच, पुण्याला, आपल्या माणसांत होईल. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबा तसेही माझ्याकडेच असणार आहेत. वाईच्या माडीचे जिने चढून पाटावर बसण्याचा हट्ट या वर्षी नको.

आई, जुन्या फ्लॅटमधला आरूषचा पहिला वाढदिवस आठवतो ना? तेव्हा मी कोणालाच विचारलं नव्हतं. घरात केक कापायला परवानगी कसली, असं वाटलं होतं. फुगे चिकटपट्टीने भिंतीला लावले आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघाले. खालच्यांनी आवाजाची तक्रार थेट मालकांकडे केली. घर सोडताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले गेले. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की मालकांना आपल्याच घरातली गोष्ट शेजाऱ्यांकडून कळली. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून या वेळी आधी करार काढून वाचला. आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे. त्यात पूजेला मनाई कुठेच नाही. पण शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये आणि घराची मोडतोड होऊ नये, ही दोन कलमं आहेत. सत्यनारायण असता तर मी फक्त कळवलं असतं. होम मात्र वेगळा, कारण त्यात धूर आणि उष्णता दोन्ही आली. म्हणून काकांना असा निरोप पाठवला :

"काका, नमस्कार. माझ्या वडिलांची पंचाहत्तरीची शांती रविवारी सकाळी ८ ते १ या वेळात घरी करण्याची इच्छा आहे. घरची पंचवीस माणसं असतील. लहान होम आहे, तो तांब्याच्या कुंडात, विटांवर करू. भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी लावणार नाही. लाऊडस्पीकर नाही. वरच्या, खालच्या आणि समोरच्या शेजाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगेन. काही नुकसान झालं तर भरून देईन. तुमची हरकत नसेल तर तसं लिहून कळवाल का? सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवायचं आहे. तुम्ही दोघांनीही प्रसादाला यावं."

वार, वेळ, माणसांचा आकडा आणि होम हे सगळं मी त्यात मुद्दाम स्पष्ट लिहिलं. "छोटीशी पूजा आहे" एवढंच लिहून होकार घेतला असता आणि नंतर काकांना होमाचं कळलं असतं, तर तो होकार कसला! लेखी एवढ्यासाठी मागितलं, की सोसायटीचे सभासद काका आहेत, आम्ही नाही. तक्रार झाली तर सोसायटी त्यांनाच विचारणार. म्हणून आधी त्यांचा होकार, मग सेक्रेटरींकडे अर्ज, हाच क्रम बरोबर.

संध्याकाळी काकांचा फोन आला. बाबा, तुम्हाला वाटलं होतं तसे ते अजिबात रागावले नाहीत. दोनच गोष्टी म्हणाले. हॉलच्या फरशीला तडा जाता कामा नये, आणि हॉलच्या छतात स्प्रिंकलर आहे तो विसरू नका. हा स्प्रिंकलर माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्यात द्रव भरलेली काचेची लाल कुपी असते. ती साधारण ६८ अंशांना फुटते आणि पाणी सुरू होतं. धुराने ती फुटत नाही, उष्णतेने फुटते. धूर ओळखणारं यंत्र बाहेर लिफ्टजवळ आहे. म्हणजे धोके दोन आणि त्यांचे उपायही दोन. होम स्प्रिंकलरपासून दूर, गॅलरीच्या दाराशी करायचा, आणि होम चालू असताना मुख्य दार बंद ठेवून गॅलरीचं दार सताड उघडायचं. दारात स्वागताला उभं राहायचं ते होमाच्या आधी. ही जागा काकांना कळवली, तेव्हा त्यांनी "हरकत नाही" असं लिहून पाठवलं.

फरशीसाठी दोन थर विटा, वर परातीत वाळू आणि वाळूवर कुंड. नुसतं कुंड फरशीवर ठेवलं तर एकाच जागी ताप बसून टाइल तडकते, असं गुरुजींनीही सांगितलं. आहुती मोजक्याच देऊ म्हणाले.

आई, तुला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं आहे, ते नक्की करू. पण एकाच परातीत नको. एवढ्या ज्योती एकत्र आल्या की आच फार लागते, आणि ती परात बाबांच्या तोंडासमोर हातात धरायची म्हणजे मला भीती वाटते. तीन परातींत पंचवीस-पंचवीस दिवे लावू. मी, वहिनी आणि तू आळीपाळीने ओवाळू, गॅलरीकडेच. खाली जुनी चादर अंथरते, तेल सांडलं तरी फरशीला डाग नको.

शेजाऱ्यांकडे मी स्वतः गेले. ग्रुपवर निरोप टाकता आला असता, पण तिथे सगळे नुसता अंगठा दाखवतात आणि अडचण कोणी सांगत नाही. समोरच्या आजींना दमा आहे. त्यांच्या सुनेला होमाची वेळ विचारली तर ती म्हणाली, आजी साडेदहापर्यंत खाली बागेत असतात. म्हणून गुरुजींना विनंती करून होम नऊला घेतला आणि बाकीची पूजा नंतर. आजींच्या बाजूच्या खिडक्या आपण बंद ठेवणार आहोत. खालचा मुलगा रात्रपाळी करतो आणि सकाळी झोपतो. त्याला मंत्रांचा त्रास नाही, वरून ओढलेल्या खुर्च्यांचा होतो. त्यामुळे सोफा शनिवारी संध्याकाळीच सरकवू आणि रविवारी सतरंजीवर बसू. बाबांसाठी तेवढी खुर्ची, तिच्या पायांना कापड बांधलं आहे. गुरुजींची खुर्चीला हरकत नाही, हेही विचारून घेतलं.

सेक्रेटरींनी पाहुण्यांच्या गाड्यांपुरतंच विचारलं. आत दोनच लागतील, म्हणून दादा आणि मामांची गाडी आत, बाकीचे रिक्षाने येतील. नावांची यादी फाटकावर देऊन ठेवते, म्हणजे कुणाला ताटकळावं लागणार नाही.

बाबा, तुमच्याकडून एक काम हवं आहे. इथे मिळणाऱ्या गोवऱ्या दमट निघतात आणि ओल्या गोवरीचा धूर अतोनात होतो. वाईहून येताना दहा-बारा गोवऱ्या आणि आंब्याच्या समिधा आणाल का? आधी चार दिवस अंगणात कडक उन्हात वाळवा. गोवरी मोडून बघा. खटकन तुटली आणि आतून ओल लागली नाही तरच पिशवीत भरा. ओझं तुम्ही उचलू नका, दादा शुक्रवारी गाडी घेऊन येतो आहे.

आई, प्रसादाच्या शिऱ्याचा रवा मी इथे आणला आहे, तूप मात्र तुझ्या हातचं हवं.

तुमची,
सुमा