पाकिटावर धोतर, आत मुंडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात तीस वर्षं नोकरी केली. परवा शेजारच्या मुंजीत जे घडलं, ते कळवावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

मुलाच्या वडिलांनी ‘धोती’ लिहिलेलं तयार पाकीट आणलं होतं. कोरं पांढरं कापड, बारीक सोनेरी काठ. नेसायला बसले तर कासोटा मागे पोचेना. ओढून खोचला तर पुढे निऱ्यांना कापड उरेना आणि पोटऱ्या उघड्या. गुरुजी खोळंबले. मी पाकीट उलटून पाहिलं, तर लांबी ३.६० मीटर. धोतर नव्हतंच ते, केरळात कमरेला गुंडाळतात तो दुहेरी मुंडू होता.

आपलं धोतर पाच वारी, म्हणजे साधारण साडेचार मीटर. एक हात अर्ध्या वाराचा, तेव्हा दहा हात झाले. तमिळनाडूत हाताला मुळम म्हणतात आणि तिथली मोठी वेष्टी आठ मुळमांची. केरळचा दुहेरी मुंडूही तेवढाच. फरक दोन हातांचाच, पण तो कुठे जातो पाहा. या गृहस्थांची कंबर ४२ इंच, म्हणजे एक मीटरहून थोडी जास्त. कमरेला वेढा घेऊन पुढे गाठ मारली की साडेचार मीटरातून प्रत्येक बाजूला सुमारे १.७ मीटर पदर उरतो. एक मांड्यांमधून मागे कासोट्याला, दुसऱ्याच्या पुढे निऱ्या. ३.६० मधून उरतो जेमतेम सव्वा मीटर. सडसडीत माणूस कसंबसं भागवेल, भरल्या अंगाचा नाही.

मुंडूत खोट काहीच नाही, त्याला कासोटाच नसतो. लांबी मधोमध दुमडून दुपदरी करायची, म्हणजे अंग दिसत नाही. मग कमरेभोवती गुंडाळायचा आणि वरची कड पिळून खोचायची. चालताना गुडघ्यापर्यंत दुमडून वर खोचतात आणि वडीलधारे समोर आले की खाली सोडतात. त्या रीतीला ही लांबी अगदी बरोबर आहे.

लुंगी मात्र वेगळीच. सुमारे दोन मीटर, बहुधा रंगीत किंवा चौकड्यांची आणि पुष्कळदा दोन्ही टोकं शिवून नळी केलेली. अंबाबाईच्या दर्शनाला दक्षिणेतून आलेल्या, काठाची पांढरी वेष्टी नेसलेल्या पाहुण्यांना आपल्याकडे सर्रास ‘लुंगीवाले’ म्हणतात, ते मला फार खटकतं. ते देवदर्शनाचं वस्त्र आहे, घरात गुंडाळायचं नव्हे.

मुंजीसाठी मी घरातलं जुनं पाच वारी काढून दिलं. पाकिटं विकणाऱ्या दुकानदारांना एवढीच विनंती, की गिऱ्हाईक धोतर मागेल तेव्हा ‘कासोटा घालणार का?’ असं आधी विचारा. हो म्हणाला तर साडेचार मीटरचंच द्या.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर