रविवार वगळून म्हणजे नेमके किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रश्न चार रुपयांचा आहे, हे आधीच कबूल करतो. पण मी चौतीस वर्षे बँकेत व्याजाचे दिवस मोजले. दिवस चुकीचे मोजलेले दिसले की मला गप्प बसवत नाही.

आमच्या पेठेतल्या एका वाचनालयातून मी १ ऑगस्ट २०२५ रोजी, शुक्रवारी, एक पुस्तक घरी आणले. मुदत पंधरा दिवसांची. शेवटच्या पानावरच्या तारीखपट्टीवर १६ ऑगस्टचा शिक्का पडला, तो शनिवार होता. पुढे गणपती आले, घरी पाहुणे आले, विसर्जनाला रस्ते बंद झाले, आणि पुस्तक जमा करायला मंगळवार, ९ सप्टेंबर उजाडला. उशीर माझाच. दंड भरायला माझी ना नाही. भिंतीवर पाटी आहे: ‘विलंब शुल्क दररोज २ रुपये (रविवार वगळून)’.

देवघेवीच्या खिडकीवरच्या संगणकाने ४४ रुपयांची पावती काढली. मी हरकत घेतल्यावर तिथल्या मुलाने मोबाईलवर हिशेब केला, तो ४२ आला. मी घरून दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजून गेलो होतो, माझे ४० होते. पुस्तक एक, पाटी एक आणि दंड तीन!

आधी मुलाचा हिशेब पाहू. त्याने ९ सप्टेंबरमधून १६ ऑगस्ट वजा केला आणि २४ दिवस काढले. इथवर बरोबर. मग २४ ला ७ ने भागले, भागाकार ३ आला, म्हणून रविवार तीन. उरले २१ दिवस, ४२ रुपये. चूक या भागाकारात आहे. तीन पूर्ण आठवड्यांत तीन रविवार असतात हे खरे, पण वर जे तीन दिवस उरले त्यांचे काय? ते होते ७, ८ आणि ९ सप्टेंबर, आणि ७ तारखेला रविवार होता. १७, २४, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर असे रविवार चार होतात. चोवीसातून चार गेले, वीस उरले.

ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असती तर मी सोडून दिली असती. पण ती नेहमी एकाच बाजूला होते. कितीही दिवस घ्या, त्यातले रविवार भागाकाराइतके तरी असतात किंवा त्याहून एक जास्त. कमी कधीच नसतात. म्हणजे भागाकाराच्या रीतीत दंड एक तर बरोबर येतो, नाही तर सभासदाच्या खिशातून एक दिवस जादा जातो. मी २२ ऑगस्टलाच पुस्तक परत केले असते तर उशीर सहा दिवसांचा झाला असता. सहाला सातने भागून शून्य रविवार आले असते आणि १७ तारखेच्या बंद दाराचेही दोन रुपये मला पडले असते.

दिनदर्शिका हाताशी नसेल तर तोंडी करण्याची एक रीत सांगतो. सोमवार १, मंगळवार २, असे करत शनिवार ६ धरा. पुस्तक ज्या वारी परत आले त्याचा आकडा पाहा. सातने भागून उरलेली बाकी त्या आकड्यापेक्षा मोठी असेल तर भागाकारात आणखी एक रविवार मिळवा. माझी बाकी ३, मंगळवारचा आकडा २, म्हणून तीनाचे चार. बाकीचे दिवस परतीच्या तारखेपासून मागे मोजले तर ते रविवारपर्यंत पोहोचतात का, एवढेच यात पाहायचे असते.

संगणकाने तर दोन चुका केल्या होत्या. त्याने १६ ऑगस्टही धरला, म्हणून दिवस २५ झाले. त्यातून भागाकाराचे तीन गेले, राहिले २२. शिक्क्याची तारीख हा मुदतीचा शेवटचा दिवस असतो, उशिराचा पहिला नव्हे. त्या संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत पुस्तक आणून दिले असते तर दंड शून्यच होता ना? मग तोच दिवस उशिरात कसा धरता? बँकेतही पैसे भरल्याचा दिवस आणि काढल्याचा दिवस असे दोन्ही धरले असते तर आमच्या शाखेत रोज भांडणे झाली असती.

वाचनालयाची नोंद एक्सेलमध्ये असेल तर एका ओळीत काम होते. A2 मध्ये मुदतीची तारीख, B2 मध्ये जमा झाल्याची:

```
=MAX(0,NETWORKDAYS.INTL(A2+1,B2,11))
```

हे सूत्र दोन्ही टोकांचे दिवस मोजते, म्हणून मुदतीच्या तारखेत एक मिळवायचा. ११ म्हणजे फक्त रविवारची सुट्टी. तो आकडा गाळला तर शनिवारही वगळला जातो आणि मग वाचनालय बुडते. पुस्तक वेळेत आले तर उत्तर उणे येऊ नये म्हणून MAX. माझ्या तारखांना उत्तर २० येते.

आता या सूत्रानेही न सुटणारी गोष्ट. माझ्या शेजाऱ्यांनी २ ऑगस्टला, शनिवारी, पुस्तक नेले. पंधरा दिवसांनी आला १७ ऑगस्ट, रविवार. ते सोमवारी सकाळी दार उघडताच हजर झाले, तरी दोन रुपये पडले. हिशेब पाटीप्रमाणेच होता: रविवार वगळला, सोमवार हा उशिराचा एक दिवस. पण मुदत भरली त्या दिवशी दाराला कुलूप होते! पंधरा दिवसांच्या मुदतीत शनिवारी पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकाचे असेच होणार. मुदत चौदा दिवसांची केली तर हा पेच उद्भवतच नाही, कारण नेल्याचा वार आणि मुदतीचा वार एकच राहतो, आणि रविवारी पुस्तक कुणी नेऊच शकत नाही.

सुट्टीच्या दिवशी मुदत संपली तर काय, हे लिहून ठेवावेच लागते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधले कलम १० सांगते की न्यायालय किंवा कार्यालय शेवटच्या दिवशी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेले काम वेळेतच धरावे. हुंडीचा कायदा नेमका उलटा आहे: मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर आदल्या कामाच्या दिवशी भरली असे समजतात. आमच्या वाचनालयाला यातले काही थेट लागू नाही, पण निवड त्यांनाच करावी लागेल, आणि पहिली रीत सभासदाला न्याय्य आहे.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थीलाही वाचनालय बंद होते. त्याचे दोन रुपये मी मागत नाही. पाटीवर फक्त रविवार लिहिले आहे, आणि पाटी म्हणजे पाटी. पुढेमागे सणही वगळायचे ठरवले तर एक सांभाळावे. २०२५ मध्ये २६ जानेवारी आणि गुढीपाडवा दोन्ही रविवारीच आले होते. रविवार वेगळे आणि सण वेगळे वजा केले तर असा दिवस दोनदा जातो. त्यात वाचकाचा फायदा आहे, पण हिशेब तो हिशेब.

व्यवस्थापनाला माझी विनंती एवढीच की पाटीवर दोन ओळी वाढवाव्यात: ‘मुदतीची तारीख उशिरात धरली जाणार नाही. मुदत रविवारी संपल्यास सोमवारी पुस्तक स्वीकारले जाईल, दंड नाही.’ संगणकातला भागाकार काढायला सांगणे हे त्यापुढचे काम.

मी त्या दिवशी ४४ रुपये भरले. मागे रांग होती. ती पावती सध्या नव्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे, आणि या वेळी पुस्तक मुद्दाम बुधवारी आणले आहे.

आपला,
एक जुना सभासद,
सदाशिव पेठ, पुणे ३०