गुडघा शस्त्रक्रियेच्या बिलातील कपातीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, बिलिंग व कॅशलेस विभाग
(प्रत: आमच्या विमा कंपनीचा तक्रार निवारण कक्ष)

विषय: पॅकेजची फोड न दिल्यामुळे झालेली कपात आणि पॅकेजबाहेर लावलेले साहित्य

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या रुग्णालयात माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. तक्रार आहे ती तळमजल्यावरच्या बिलिंग काउंटरबद्दल.

एकूण बिल 2,80,000 रुपयांचे झाले. त्यात पॅकेज 1,80,000, इम्प्लांट 72,000, पॅकेजबाहेरची औषधे व साहित्य 21,600 आणि फिजिशियनची भेट व 2डी इको मिळून 6,400. विमा कंपनीने 2,10,600 मंजूर केले, उरलेले 69,400 आम्ही भरले. हे का भरायचे, असे विचारल्यावर काउंटरवरून उत्तर आले, "टीपीएने कट केलंय, आमच्या हातात नाही." डिस्चार्जच्या दिवशी आई व्हीलचेअरवर बसलेली असताना वाद घालत बसणार कोण? पैसे भरले आणि घरी आलो. नंतर कपातीचे पत्र, बिल आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की यातले बरेच काही तुमच्याच हातात होते.

सगळ्यात मोठी कपात 60,000 रुपयांची आहे. आईची पॉलिसी पाच लाखांची, आणि तिच्यात खोलीभाड्याला दिवसाला एक टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा आहे. आम्ही घेतलेल्या सिंगल रूमचा दर 7,500. दाखल होताना तुमच्या समुपदेशक बाईंनी सांगितले, "रूमचा फरक तेवढा तुम्हाला भरावा लागेल." दिवसाला अडीच हजारांप्रमाणे चार दिवसांचे दहा हजार होतात, असा हिशेब करून आम्ही होकार दिला. एस्टिमेटच्या फॉर्मवरही "फरक रुग्ण भरेल" एवढेच लिहिले आहे.

प्रत्यक्षात खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की फक्त भाड्यातला फरक कापला जात नाही. खोलीच्या वर्गाप्रमाणे ज्यांचे दर बदलतात ते सर्व खर्च, म्हणजे सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, त्याच प्रमाणात कमी होतात. 5,000 भागिले 7,500 म्हणजे दोन तृतीयांश. विमा कंपनी तेवढेच देते आणि एक तृतीयांश रुग्णाकडे येतो. तुमच्याकडे ट्विन शेअरिंगचा दर 4,800 होता, म्हणजे मर्यादेच्या आत. त्या खोलीत राहिलो असतो तर ही कपात झालीच नसती. कॅशलेस डेस्कवर रोज अशी प्रकरणे हाताळणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही नियम तो नियम म्हणून मी हे सोडून दिले असते. पण या साठ हजारांच्या आतच दुसरी गोष्ट दडलेली आहे. विमा नियामकाने 2020 साली दिलेल्या सूचनांप्रमाणे आणि आमच्या पॉलिसीतील अटींप्रमाणे ही प्रमाणशीर कपात औषधे, वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांना लागू होत नाही. खोली कोणतीही असली तरी इंजेक्शनची किंमत तीच असते, म्हणून. आमच्या इम्प्लांटवर एक रुपयाही कापलेला नाही, कारण ते बिलात स्वतंत्र ओळीत होते आणि त्याचा स्टिकर फाइलला चिकटवलेला होता. पॅकेज मात्र तुम्ही एकाच ओळीत पाठवले: "टीकेआर युनिलॅटरल, सिंगल, 1,80,000". त्यात खोली किती, सर्जन किती, औषधे किती, रक्ततपासण्या व एक्स-रे किती, काहीच नाही. मग टीपीएने सरसकट सगळ्या रकमेचा एक तृतीयांश कापला.

समजा त्या पॅकेजमध्ये औषधे, साहित्य आणि तपासण्यांचे 48,000 रुपये असतील, तर त्यावर कापलेले 16,000 कापायलाच नको होते. नेमका आकडा फक्त तुमच्याकडे आहे. फोड मागितली तेव्हा "पॅकेजचा ब्रेकअप देत नाही, पॉलिसी आहे आमची" असे सांगण्यात आले. ही कसली पॉलिसी? पॅकेज ठरवताना तुम्ही कुठेतरी बेरीज केलीच असेल ना!

आता उरलेले 9,400. यातले क्रेप बँडेज आणि नी ब्रेसचे 1,900 तसेच हातमोजे आणि मास्कचे 1,950 विम्यात बसत नाहीत, हे मला मान्य आहे. पॉलिसीच्या परिशिष्टातील पहिल्या यादीत त्या वस्तू छापलेल्या आहेत. फक्त पॅकेजमध्ये "नेहमीचे साहित्य समाविष्ट" असे लिहिलेले असताना हातमोजे पुन्हा वेगळे का, याचा खुलासा करावा.

"ऑर्थो किट, 1 नग, 3,850" या ओळीचे काय करायचे? त्याच यादीत तपशील न दिलेले कोणतेही किट देय नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्या किटमध्ये टाक्यांचा दोरा, ड्रेन किंवा सक्शन ट्यूब असेल आणि ते नावानिशी लिहिले असते, तर त्यातला काही भाग मंजूर झाला असता. नाव "किट" ठेवल्यामुळे सगळेच आमच्या डोक्यावर आले.

राहिले 1,700 रुपये: गॉज, कापूस, सर्जिकल ब्लेड, एप्रन यांचे 1,300 आणि फाइल व नोंदणीचे 400. या वस्तू परिशिष्टाच्या पुढच्या याद्यांत आहेत, ज्यांचा खर्च खोलीभाडे, शस्त्रक्रिया किंवा उपचार यांच्या शुल्कातच धरलेला असतो. म्हणून विमा कंपनी त्यांचे वेगळे पैसे देत नाही. ब्लेडशिवाय शस्त्रक्रिया होत नाही हे मलाही कळते, पण म्हणूनच ते पॅकेजमध्ये असायला हवे. विमा कंपनीने नाकारले म्हणजे ते रुग्णाकडून वसूल करता येते, असा अर्थ तुम्ही काढला आहे. विमा कंपनीशी झालेल्या नेटवर्क करारात तशी मुभा असेल तर ते कलम लेखी दाखवावे.

माझी मागणी अशी आहे. पॅकेजची विभागवार फोड रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्यावी. ऑर्थो किटमधील वस्तू नाव, नग आणि किमतीसह लिहून द्याव्यात. ही दोन्ही कागदपत्रे टीपीएकडेही पाठवून कपातीचा फेरविचार करण्यास सांगावे. 1,700 रुपये आईच्या खात्यावर परत करावेत. विमा कंपनीला विनंती की फोड मिळाल्यावर प्रमाणशीर कपात नव्याने मोजावी आणि त्याची आकडेमोड आम्हाला पाठवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कपातीचा विषय पुण्याच्या विमा लोकपालांकडे आणि पॅकेजबाहेरच्या वसुलीचा विषय जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेईन. अंतिम बिल, कपातीचे पत्र, एस्टिमेटचा फॉर्म आणि पॉलिसीच्या परिशिष्टाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
रुग्णाचा मुलगा