कोऱ्या वेफरचा बाक आधी नोंदवायला हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चिपनिर्मितीवरचा लेख मनापासून आवडला. त्यातले एक विधान मात्र खटकले. चिप जिच्यावर घडते त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या, म्हणजे वेफरवरच्या, पातळ थरातला ताण यंत्र थेट मोजते, असे त्यात म्हटले आहे. मी बरीच वर्षे एका प्रयोगशाळेत हेच मोजमाप करतो. यंत्र मोजते तो वेफरचा बाक. ताण त्यावरून आपण काढायचा असतो, आणि चुका होतात त्या तिथेच.

कागदाच्या एका बाजूला खळ लावून वाळू दिली की खळ आक्रसते आणि कागदाच्या कडा त्या बाजूला उचलल्या जातात. सिलिकॉनच्या वेफरचेही तसेच होते. वरचा थर आक्रसू पाहत असेल, म्हणजे त्यात ओढीचा ताण असेल, तर वेफर त्या बाजूने वाटीसारखा खोलगट होतो. थर पसरू पाहत असेल तर घुमटासारखा फुगतो. हा बाक जेमतेम काही मायक्रॉनांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. यंत्रातला लेझर वेफरवरून सरळ रेषेत फिरतो आणि परत येणारा किरण कसकसा कलत जातो त्यावरून वक्रता-त्रिज्या मिळते. पुढचे सूत्र स्टोनी यांचे. पोलादी पट्टीवर निकेलचा मुलामा चढवल्यावर ती का वाकते, हे त्यांनी १९०९ साली मांडले. वेफरसाठी ते आज असे लिहितात:

σ = Eₛ·tₛ² / [6(1 − νₛ)·t_f] × (1/R − 1/R₀)

इथे σ म्हणजे ताण, R म्हणजे थर बसल्यानंतरची वक्रता-त्रिज्या, तर Eₛ आणि νₛ हे वेफरच्या सिलिकॉनच्या लवचिकतेचे ठरलेले आकडे. थर वेफरच्या मानाने अगदी पातळ असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या ताठरपणाचा आकडा इथे लागतच नाही. थराची जाडी t_f आणि वेफरची जाडी tₛ कळली की पुरे. वेफरच्या जाडीचा मात्र वर्ग होतो. खोक्यावरचे ५२५ मायक्रॉन गृहीत धरले आणि वेफर खरा ५०० मायक्रॉनचा निघाला, तर ताण १० टक्के जास्त येतो. पण त्याहून महत्त्वाचा आहे शेवटचा R₀, म्हणजे थर बसण्याआधीच्या कोऱ्या वेफरची त्रिज्या. कोरा वेफर कधीच पुरता सपाट नसतो.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी ४ इंची वेफर घेऊन आली. त्यावर भट्टीत चढवलेला २०० नॅनोमीटरचा सिलिकॉन नायट्राइड होता. भट्टीत थर दोन्ही बाजूंना बसतो आणि दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारते. म्हणून तिने मागचा थर प्लाझ्माने काढून टाकला होता, हे अगदी बरोबर केले होते. पण भट्टीत घालण्यापूर्वीचे वाचन घेतलेच नव्हते. यंत्राने ८० मिलिमीटरच्या रेषेवर ८ मायक्रॉनांची वाटी दाखवली, म्हणजे १०० मीटरची त्रिज्या. कोरा वेफर सपाट धरून उत्तर आले ४१३ मेगापास्कल, ओढीचा. आकडा पाहून ती खूश झाली, कारण या थराची पातळ पटले तिला मोकळी करायची होती आणि ओढ कमी असली की ती सहसा फाटत नाहीत.

मला तो आकडा पटेना. अशा नायट्राइडमध्ये साधारण १००० मेगापास्कलची ओढ असते. शेवटी त्याच वेफरवरचा थर गरम फॉस्फोरिक आम्लात काढून टाकला आणि उघडा वेफर, चपटी कड पूर्वीच्याच दिशेला ठेवून, पुन्हा मोजला. तो मुळातच १२ मायक्रॉनांचा घुमट होता! म्हणजे थराने त्याला ८ नव्हे, २० मायक्रॉन वाकवले होते. ताण निघाला सुमारे १०३० मेगापास्कल. मागचा थर तसाच राहिला असता तर घुमट जवळपास १२ मायक्रॉनांचाच दिसला असता, आणि त्याच चुकीच्या हिशेबाने ओढीच्या थरात ६२० मेगापास्कलचा दाब निघाला असता.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. त्यात नमुना हातचा जातो. शिवाय थरावर नक्षी कोरून झाली असेल तर हे सूत्र सरळ लागूच होत नाही, कारण ते सलग, सर्वत्र सारख्या थरासाठी आहे आणि सरासरी ताणच सांगते.

पुरवणीत दुरुस्ती छापाल तेव्हा एवढे जरूर लिहा, की या मोजमापाला वाचने दोन लागतात आणि पहिले भट्टीत जाण्यापूर्वी घ्यायचे असते. आमच्या नोंदवहीत आता त्यासाठी वेगळा रकाना आहे. तो कोरा असेल तर मी वेफर भट्टीकडे जाऊ देत नाही.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे