कानासाठी लिहायची मराठी

प्रिय मित्रा,

चित्रफितीसाठी लिहिलेलं तुझं निवेदन वाचलं. माहिती चोख आहे, पण मोठ्यानं वाचायला घेतलं की ती पाठ्यपुस्तकासारखी ऐकू येते. "बोली भाषेत लिही" एवढंच सांगून तुझं काम व्हायचं नाही, म्हणून तुझाच माठाचा परिच्छेद घेतो आणि तो कुठे अडतो ते सविस्तर लिहितो.

तू लिहिलंयस: "मातीच्या माठामध्ये साठवण्यात आलेले पाणी हे माठाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांमधून बाहेर झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. सदर बाष्पीभवनासाठी आवश्यक असणारी उष्णता माठातील पाण्यामधून शोषून घेतली जात असल्यामुळे पाण्याचे तापमान कमी होते."

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो अनुस्वारांचा. "आलेले"चं "आलेलं", "झिरपते"चं "झिरपतं", "त्याचे"चं "त्याचं". हा बदल करायलाच हवा, आणि कागदावरच करायला हवा. निवेदक वाचताना बदलेल असं धरून चाललास, तर तो चार ठिकाणी बदलतो, दोन ठिकाणी विसरतो, आणि एकाच वाक्यात "झिरपतं" नि "होते" शेजारी येतात. कानाला ते लगेच खटकतं.

पण हा बदल "शोधा आणि बदला" करून उरकू नकोस. अनुस्वार येतो तो नपुंसकलिंगामुळे. "पाणी गार होते"चं "पाणी गार होतं" होईल, पण "वाफ होते" हे "वाफ होते"च राहील, कारण ती वाफ. "पाणी ठेवले"चं "ठेवलं" होईल, पण "चार माठ ठेवले" तसंच राहील, कारण तो माठ. "छिद्रे"चं "छिद्रं" होईल, "खडे"चं मात्र काही होणार नाही. शंका आली की शब्दाचं एकवचन घे आणि आधी तो, ती की ते लावून बघ. "ते" लागलं, तरच अनुस्वाराचा विचार करायचा. "ने" प्रत्ययाचं मात्र वेगळं, तिथे लिंग बघायचं नाही: "माठाने"चं "माठानं" मी करतो. पण "मुळे"चं "मुळं", "पुढे"चं "पुढं" करत नाही. काही भागांत तसंच बोलतात, पण सगळ्यांसाठीच्या निवेदनात तो एका भागाचा बाज होतो. तुझा निवेदक सहज तसं बोलणारा असेल तर खुशाल ठेव, फक्त पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तेच ठेव.

आता खरी अडचण. सगळे अनुस्वार बरोबर देऊन तुझा परिच्छेद पुन्हा वाच: "माठामध्ये साठवण्यात आलेलं पाणी हे माठाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांमधून बाहेर झिरपतं व त्याचं बाष्पीभवन होतं." अजूनही पुस्तकच! कारण पुस्तकीपणा शब्दांच्या शेवटात कमी आणि वाक्याच्या बांधणीत जास्त असतो. दुसरं वाक्य बघ. "बाष्पीभवनासाठी आवश्यक असणारी उष्णता" इथे ऐकणाऱ्यानं एक गाठोडं उचललं. "माठातील पाण्यामधून" हे दुसरं. "शोषून घेतली जात असल्यामुळे" हे तिसरं. तिन्ही हातात धरून तो क्रियापदाची वाट बघतो, आणि ते येतं शेवटी. वाचणारा नजर मागे नेऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून नामाच्या आधी रचलेली विशेषणं सोडवून त्यांची छोटी वाक्यं करायची आणि "साठवण्यात आलेले", "घेतली जात असल्यामुळे" असले प्रयोग मोडून कोण काय करतं ते सरळ सांगायचं.

"सदर"सुद्धा काढ. "वरील", "खालील", "पूर्वोक्त" हे त्याचेच भाऊ, सगळे कागदावरची जागा दाखवणारे. आवाजाला वर-खाली नसतं. तिथे "या", "याच" म्हण, किंवा सरळ ते नाव पुन्हा घे. एकच नाव पुन्हापुन्हा येणं लेखात दोष वाटतो, निवेदनात त्याची मदत होते. "व" तर बोलताना ऐकूच येत नाही, तिथे "आणि" हवं किंवा पूर्णविराम.

हे सगळं करून तुझा परिच्छेद असा होतो:

"माठाला बाहेरून हात लावून बघा. ओलसर लागतो ना? माती पक्की दिसते, पण तिला बारीक बारीक छिद्रं असतात. त्या छिद्रांतून आतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि हवेत उडून जातं. यालाच म्हणतात बाष्पीभवन. आता, पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता लागते. ती येते कुठून? बरीचशी माठातल्याच पाण्यातून. आतली उष्णता अशी निघून जात राहते, आणि माठातलं पाणी गार होतं."

शब्द वाढले, हे खरं. चित्रफितीची वेळ ठरलेली असेल तर माहिती कमी कर, वाक्यं पुन्हा आवळू नकोस. "बाष्पीभवन" मी काढलेलं नाही, फक्त मागे नेलं. आधी गोष्ट डोळ्यांसमोर येते, मग तिचं नाव. आणि "यालाच म्हणतात बाष्पीभवन" यात क्रियापद आधी आलंय, कारण बोलताना आपण जोर द्यायचा शब्द असाच शेवटाला टाकतो. ही सवलत परिच्छेदात एकदाच घ्यायची. प्रत्येक वाक्य उलटं केलंस तर ते नाटकी होतं.

"ना", "बघा", "बरं का" यांचंही तेच. तुझ्या दुसऱ्या भागात तू दर ओळीला "तर मित्रांनो" आणि "बरं का" घातलंयस. बांधणी पुस्तकी ठेवून वर हे शिंपडलं की ते जास्तच कृत्रिम वाटतं. "ना" मी जिथे ऐकणाऱ्याकडून खरोखर होकार हवाय तिथेच ठेवला.

वाक्यांच्या शेवटांकडेही लक्ष दे. ओळीनं पाच वाक्यं "आहे"वर संपली की आवाज दर वेळी त्याच जागी पडतो आणि ऐकणारा पेंगतो. "झिरपत आहे"चं "झिरपतंय" कर, "ओला झालेला आहे"चं "ओला झालाय". काही ठिकाणी "आहे" नुसतं गाळलं तरी चालतं: "वर झाकण, खाली तिवई."

आवाज बाईचा की पुरुषाचा हे ठरलं नसेल तर "मी सांगतो", "मी दाखवते" लिहून अडकू नकोस. "आपण बघू", "बघू या" दोघांनाही चालतं.

आकडे अक्षरांत लिही, नाहीतर 2.5 लिटरचं "दोन पूर्णांक पाच" होतं. आपण "अडीच" म्हणतो. "इ." आणि "उदा." उघडून लिही, कंस काढून टाक.

लिहायला बसताना आधी माठाचा कागद बाजूला ठेव आणि समोर कुणालातरी ते तोंडी समजावून सांग, फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून. मग ते उतरवून काढ. ते जसंच्या तसं चालणार नाही, त्यात "म्हणजे" सतरा वेळा असेल आणि निम्मी वाक्यं अर्धवट. पण कोणती गोष्ट आधी सांगितलीस, कुठे थांबलास, कुठे प्रश्न विचारलास, तो क्रम उचल. मसुदा झाला की उभं राहून मोठ्यानं वाच. मध्येच श्वास घ्यावा लागला तिथे वाक्य तोड, जीभ अडली तिथे शब्द बदल. शेवटी ज्याला विषय माहीत नाही अशा कुणाला तरी एकदाच ऐकव आणि विचार, पाणी गार का होतं? तो "छिद्रांमुळे" एवढंच म्हणाला, तर उष्णतेचं वाक्य त्याच्या कानावरून गेलंय असं समज आणि तेवढंच पुन्हा लिही.

दुसऱ्या भागाचा मसुदा असाच सोडवून पाठव, आणि सोबत तुझ्या आवाजातलं वाचनही. नुसत्या कागदावरून मला सांगता येणार नाही.

तुझाच,
मित्र