सूचना : १ नोव्हेंबरचा पेपर, अमेरिकेतल्या मुलांसाठी

आपल्या इंदूरच्या तबलावर्गातून अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या सगळ्यांनी हे नीट वाचा, पालकांनीही.

ऑनलाइन लेखी पेपर रविवार, १ नोव्हेंबर २०२६ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ११ ते दुपारी १ आहे. बोर्ड वेळ बदलणार नाही.

न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र उलटून दीड वाजलेला असेल. नेमकं त्याच रात्री दोन वाजता तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे दीड दोनदा वाजणार! पेपर पहिल्या दीडला सुरू होतो. दुसऱ्या दीडला बसलात तर इंदुरात बारा वाजलेले असतील आणि अर्धा पेपर गेलेला असेल.

पेपर संपेल तेव्हा तुमचं घड्याळ अडीच दाखवेल. एकच तास झाला असं वाटेल, पण पूर्ण दोन झालेले असतील. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघूच नका.

- फोनच्या जागतिक घड्याळात आजच मुंबई किंवा कोलकाता जोडा आणि त्यावरच वेळ बघा.
- लॉगिन भारतीय १०:४५ ला, तुमच्याकडे सव्वा वाजता.
- गजरावर विसंबू नका, जागेच राहा. झोप दुपारी काढा.
- लंडनची घड्याळं २५ ऑक्टोबरलाच बदलतात; तिथे पेपर पहाटे साडेपाचला.

वाचल्यावर इथे आपलं गाव आणि तिथली वेळ लिहा, मी ताडून बघेन.